तोच २४.२, पण एकीकडे ‘नॉर्मल’ आणि दुसरीकडे ‘वजन जास्त’

डॉक्टर, वय ४३, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्याने चिठ्ठी दिली, बीएमआय २४.२, पुढे ‘नॉर्मल’. पंधरा दिवसांनी गावात शिबिर झालं. तिथल्या कार्डावर तोच २४.२, पुढे ‘वजन जास्त’. विचारलं तर म्हणाले, भारतीयांना आकडा वेगळा. उपाशीपोटी साखर १०८ निघाली. वडिलांना मधुमेह होता. पण माझं अंग बारीक आहे, पँट ३४ ची लागते. बायको म्हणते, हे सगळं गोळ्या खपवायचं काम. तिचं वजन ५२ किलो, उंची १५२, बीएमआय २२.५, म्हणून ती निर्धास्त आहे. दुसऱ्या बाळंतपणात तिला साखर झाली होती, ती नंतर गेली. माणूस तोच, मग माप वेगळं कसं?
— एक बागायतदार

चिठ्ठी खोटी नाही आणि कार्डही खोटं नाही. काट्यात जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय पट्टी भरलेली असते: १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ पासून वजन जास्त, ३० पासून लठ्ठपणा. शिबिरातल्या डॉक्टरांनी भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ साली ठरवलेली पट्टी वापरली. तिच्यात २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. आपल्याच सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र अजून २५ ची रेघ धरतात, त्यामुळे गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही.

आता ही २५ ची रेघ आली कुठून ते बघू. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे सूत्र १८३०च्या दशकातलं. ते काढणारा केटले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाचा आजार ओळखायचा नव्हता. बीएमआय हे नाव तर या सूत्राला १९७२ साली मिळालं. पुढे २५ आणि ३० या रेघा आखल्या त्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या वजन आणि आजारपणाच्या नोंदींवरून. हे सूत्र चरबी मोजत नाही. ते फक्त वजन बघतं, आणि त्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे, याबद्दल एक अक्षर बोलत नाही. ज्या लोकांवरून रेघ आखली त्यांच्यात वजनावरून चरबीचा अंदाज बऱ्यापैकी जुळत होता. आपल्यात तो चुकतो, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतो, म्हणजे चरबी कमी धरतो.

याचा माझा आवडता पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखेच दिसत होते. फोटो बघून तुम्हीही म्हणाल की दोघंही सडपातळ आहेत.

हा फरक मोठेपणी वडापाव खाऊन आलेला नाही. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत नवजात बाळं मोजली होती. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथहॅम्पटनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं हडकुळी. पण हातापायांत आणि पोटात जी घट दिसली, ती पाठीवरच्या चरबीत तेवढी दिसली नाही. स्नायू कमी पडले होते, चरबी राखली गेली होती. ‘बारीक पण चरबीदार’ ही आपली ठेवण जन्मापासून बरोबर येते. तुमचं ‘अंग बारीक आहे’ हे वाक्य म्हणूनच मला धीर देत नाही. दवाखान्यात ते मी रोज ऐकतो. मालवणकडचे एक काका दर खेपेला म्हणतात, ‘माका काय धाड भरली हा?’ आणि दर खेपेला साखर वाढलेली असते.

तरी पण चरबी थोडी जास्त असली तर बिघडलं कुठे? इथे चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते याला जास्त महत्त्व आहे. तुम्ही अढी घालता, म्हणून तुमच्याच कामातला दाखला देतो. आंबा ठेवायला खोली मोठी असेल तर पीक कितीही आलं तरी पेंढ्यात नीट मांडून राहतं. खोली लहान असेल तर चार दिवसांत ती भरते आणि उरलेले करंडे पडवीत, माजघरात, शेवटी चुलीशेजारी जाऊन बसतात. कातडीखालची चरबी ही शरीराची अढीची खोली आहे. तिथली चरबी फारसा त्रास देत नाही. आपल्या दक्षिण आशियाई लोकांची ही खोली लवकर भरते, असं बऱ्याच अभ्यासांवरून दिसतं. मग उरलेली चरबी आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत जाते. यकृतात चरबी शिरली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर, तुम्ही काही न खाता, रक्तात साखर सोडत राहतं. तुमच्या १०८ चं मूळ बहुधा तिथे आहे. त्यात भर म्हणजे जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू शोषून घेतात, आणि तेच आपल्याकडे कमी.

आता तुमच्या बायकोच्या आरोपाकडे येतो. तो मी हसण्यावारी नेणार नाही. रेघ खाली आणली की एका रात्रीत कोट्यवधी लोक ‘जास्त वजनाचे’ होतात, आणि कुणाची तरी विक्री वाढतेच. पण आकडा कसा निघाला ते तिला सांगा. इंग्लंडमध्ये सुमारे १४ लाख ७० हजार लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. प्रश्न साधा होता. ३० बीएमआयच्या गोऱ्या माणसाला मधुमेह होण्याचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका बाकीच्यांना कोणत्या बीएमआयला येतो? चिनी वंशाच्या लोकांत उत्तर आलं २६.९. दक्षिण आशियाई, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून गेलेल्या लोकांत ते आलं २३.९. देश तोच, दवाखाने तेच, रक्त तपासणाऱ्या लॅबही त्याच.

नीट वाचा. २३.९ ला आपला धोका गोऱ्यांच्या लठ्ठपणाएवढा होतो. तुम्ही २४.२ वर आहात. मधुमेहाच्या हिशेबात तुमची रांग साहेबाच्या ३० च्या माणसामागे लागते, आणि त्या माणसाला कुणी ‘नॉर्मल’ची चिठ्ठी देत नाही. त्याच अभ्यासात गोऱ्यांच्या २५ एवढा धोका आपल्याला १९.२ ला येतो असंही निघालं. तो आकडा रेघ म्हणून वापरताच येत नाही, कारण १८.५ खाली माणूस कुपोषित धरतात. सगळ्या देशाला ०.७ च्या फटीत उभं करणार का? त्यामुळे २३ हा निसर्गाने आखलेला आकडा नाही. धोका आणि व्यवहार यांच्यात माणसांनी केलेली ती तडजोड आहे.

आरोग्य संघटनेलाही हे माहीत होतं. २००२ साली सिंगापूरला तिने तज्ज्ञांची बैठक घेतली. तिथे दिसलं की धोका वाढायला लागण्याचा बीएमआय आशियातल्या वेगवेगळ्या लोकांत २२ ते २५ मध्ये कुठेही येतो. सगळ्या आशियाला एकच रेघ ओढणं त्यांना पटेना. म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय २५ आणि ३० तसेच ठेवले आणि शेजारी २३ आणि २७.५ असे ‘हालचाल करण्याचे टप्पे’ मांडले. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतही दक्षिण आशियाई लोकांसाठी हेच दोन आकडे चालतात. आपल्या तज्ज्ञांनी दुसरा टप्पा अजून खाली, २५ ला आणला. मला स्वतःला २५ ला सरसकट ‘लठ्ठ’ हा शब्द वापरणं जड जातं. पण २३ ला घंटा वाजावी याबद्दल मनात शंका नाही. माझा स्वतःचा २३.८ आहे, म्हणून हे चिडवण्यासाठी लिहीत नाही.

ही घंटा मधुमेहाची आहे, मरणाची नाही. ही गोष्ट मोठ्या बातम्यांत गाळली जाते. २०११ साली आशियातल्या ११ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. त्यात भारतीय आणि बांगलादेशी गटांत जास्त बीएमआयमुळे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, उलट २० च्या खालचे लोक जास्त दगावले. म्हणजे २४.२ बघून आयुष्य कमी झालं असं मानून जेवण तोडायचं काहीच कारण नाही. आणि रेघ चुकीच्या माणसालाही पकडते. माझ्याकडे एक खलाशी येतो, उंची १६८, वजन ७२, बीएमआय २५.५. जाळी ओढून खांदे असे झालेत की सदऱ्याचं वरचं बटण लागत नाही. कंबर ८४ सेंटिमीटर, साखर, चरबी, रक्तदाब सगळं उत्तम. त्याच्या कार्डावर ‘लठ्ठ’ लिहिलं होतं. मी ते खोडलं.

म्हणून त्याच्यात आणि तुमच्यात फरक करायला टेप लागते. ३४ ची पँट इथे साक्षीदार म्हणून चालत नाही, कारण पुरुष पँट पोटाखाली घालतात. पोट वाढलं की पट्टा खाली सरकतो आणि पँटचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. माझीही ३४ चीच आहे, आणि टेप लावली तेव्हा ९३ भरली. शिंप्याकडची टेप चालेल. सदरा काढा, सरळ उभे राहा. बाजूला शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेचं हाड चाचपा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरा. पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही आपल्याकडची रेघ. आणखी एक सोपा हिशेब आहे, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमच्या उंचीला तो आकडा ८२.५ येतो.

समजा तुमची ९३ भरली. मग चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने बनवलेली धोक्याची गुणपत्रिका घ्या. ती चार प्रश्नांची आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात बीएमआय नाहीच. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण. पुरुषाची कंबर ९० ते ९९ असेल तर १०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०. आता श्रम. कलमांवर चढणं, टोपल्या वाहणं हे गडी करतात की तुम्ही? तुम्ही मोटरसायकलवरून बाग बघून पेट्यांच्या हिशेबाला बसत असाल आणि ठरवून चालत नसाल, तर ३० गुण. बेरीज ७०. साठ किंवा वर म्हणजे धोका जास्त. यात वय आणि वडील तुमच्या हातात नाहीत. रोज नेमाने चालायला लागलात तर ३० चे २० होतात, कंबर ९० च्या आत आली तर १० चे शून्य. मग बेरीज ५० वर येते. वजनकाटा न बघता.

गोळी लगेच घ्यायची का? माझ्या मते नाही. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर जवळपास तीन वर्षांचा प्रयोग झाला, २००६ साली छापून आला. काही न केलेल्या गटात १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणं आणि खाणं सुधारलेल्या गटात ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंही नव्हतं. पोट आणि स्नायू सुधारले की काटा हलला नाही तरी फायदा होतो, एवढं यातून मी घेतो. उलटंही होतं. बीएमआय २३ वर आणायला तुम्हाला ६२.६ किलो व्हावं लागेल. हे साडेतीन किलो उपास करून पटकन उतरवले तर त्यात स्नायूही जातात, जे आधीच कमी आहेत. वजन उतरतंय आणि कमरेची टेप जागची हलत नाही, असं दिसलं तर तेच घडतंय असं समजा. म्हणून दर महिन्याला दोन्ही लिहून ठेवा, आणि टेपवर जास्त विश्वास ठेवा.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्याकडे मासे आहेत. ताटात मासा किंवा कुळथाची पिठी आणि भाजी आधी वाढून घ्या, भात नंतर, आणि दुसऱ्यांदा भात नको. जेवल्यावर पडवीत लवंडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं चाला. आठवड्यातून तीनदा तरी स्नायूंना ओझं द्या, जिमची गरज नाही. हंगामात दिवसाला काही पेट्या स्वतः उचला, हंगाम नसेल तर उठाबशा काढा आणि भरलेल्या बादल्या वाहा. आणि मे महिन्यात ‘चव बघतो’ म्हणून किती फोडी पोटात जातात ते मोजा. बागायतदारांना हे प्रमाण स्वतःला कळत नाही.

तुमचं १०८ नक्की काय आहे ते आधी समजलं पाहिजे. इथेही दोन रेघा आहेत. अमेरिकन पद्धतीत उपाशीपोटी १०० पासून उंबरठा सुरू होतो, आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ११० पासून. त्यामुळे एका लॅबच्या कागदावर ते लाल येईल, दुसरीच्या कागदावर काळं. शिवाय एका सकाळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. आपल्याकडे बऱ्याच जणांची उपाशी साखर ठीक असते आणि खाल्ल्यानंतरची बिघडलेली असते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती तपासणी करा. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असेल तर सुटलात. १४० ते १९९ असेल तर उंबरठ्यावर आहात. २०० किंवा वर गेला तर तपासणी पुन्हा करून मधुमेह नक्की करतात. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करायची असेल तर आधी हिमोग्लोबिन बघून घ्या, लोहाच्या कमतरतेत तो आकडा फसवा येतो.

आणि वहिनींना सांगा, त्यांचा २२.५ मला तुमच्या २४.२ पेक्षा जास्त काळजी देतो. गरोदरपणात साखर झाली होती याचा अर्थ शरीरावर ताण आल्यावर इन्सुलिन पुरं पडलं नाही. बाळंतपणानंतर ती गेली, पण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या कितीतरी पट असतं. तिथे २३ च्या आत की बाहेर हा प्रश्नच उरत नाही. त्यांची कंबर ८० च्या आत आहे का ते मोजा, आणि ती असली तरी रक्त तपासायचंच, दर एक ते तीन वर्षांनी.

दोघं एकाच सकाळी जा. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, त्या आठवड्यात भात मुद्दाम तोडू नका, नाहीतर आकडा बिघडतो. रात्रीपासून आठ-दहा तास फक्त पाणी. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास तिथेच बाकावर बसायचं. मध्येच बाजार करून येतो म्हणून उठायचं नाही, चालण्याने साखर उतरते आणि कागदावर खोटं ‘नॉर्मल’ उमटतं.